ड्रोनचा नकाशा छान दिसतोय, पण तो तपासलाय का?

इंदूरमधे सध्या ड्रोनची तीन कामं जोरात चालतात, लग्नाचं शूटिंग, शेतातली फवारणी आणि जमिनीचा सर्व्हे, आणि लोकांना हे तिन्ही एकच काम वाटतं कारण वर उडताना सगळे ड्रोन सारखेच दिसतात. म्हणून मग बायपासच्या गार्डनमधे लग्न शूट करणाऱ्यालाच लोक विचारतात की भाऊ, आमचं सांवेरकडचं शेत पण मोजून देशील का, आणि तो पण हो म्हणतो. मी या फील्डमधे नवीन आहे, पायलटचं सर्टिफिकेट घेऊन फार काळ झालेला नाही, आणि सध्या एका जुन्या सर्व्हेयर सरांच्या हाताखाली काम शिकतेय, म्हणजे बहुतेक वेळा उन्हात पोल धरून उभी असते. पण या थोड्या काळात एक गोष्ट मला इतकी ठळकपणे जाणवलीय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. जमिनीच्या सर्व्हेला बाकीच्या दोन कामांचे नियम लावून चालणार नाही, आणि ज्या नकाशाबरोबर तपासणीचा तक्ता नाही तो नकाशा कोणीच, म्हणजे शेतमालकाने, बँकेने, कॉलनीवाल्याने, कोणीच जमिनीच्या व्यवहारासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण काय, तर चूक कधी दिसते यात फरक आहे. लग्नाचं शूटिंग बिघडलं, फुटेज हललं, वरातीच्या वेळी बॅटरी संपली, तर नवरीच्या घरचे त्याच आठवड्यात फोन करून सांगतात, त्यांना त्यासाठी कोणतंही टेक्निकल ज्ञान लागत नाही, व्हिडिओ बघितला की कळतं. फवारणीत थोडा वेळ जातो. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एकराला साधारण आठ-दहा लिटर पाण्यात काम करतो, पाठीवरच्या पंपाला तिथे शंभर-दीडशे लिटर किंवा जास्त पाणी लागतं, त्यामुळे ड्रोनमधलं औषध खूप दाट असतं आणि एखादा पट्टा सुटला किंवा वाऱ्याने औषध शेजाऱ्याकडे उडालं तर आठ-दहा दिवसांत सोयाबीनवर ते दिसायला लागतं. शेतकरी रोज शेतात जातो, त्याला बरोबर कळतं कुठला पट्टा सुटलाय. पण सर्व्हेचा नकाशा चुकला तर तो चुकलाय हे कोणालाच दिसत नाही, उलट तो रंगीत, एकदम स्पष्ट, झाडाची सावली पण दिसणारा असा फोटो असतो, घरातले सगळे मोबाइलवर झूम करून बघतात आणि विश्वास ठेवतात, आणि चूक बाहेर येते चार-पाच वर्षांनी, जेव्हा कोणीतरी त्या नकाशावरून कंपाउंड घालायला जातो.

मी ज्या कामावर होते त्यातलंच एक सांगते, कारण नुसतं बोलून हे समजत नाही. सांवेरच्या बाजूला तिघा भावांचं एक शेत, साधारण दोनशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद, खसऱ्यात चार हेक्टर. वाटणी करायची होती म्हणून त्यांनी आधी कोणाकडून तरी ड्रोनने नकाशा काढून घेतला होता, तो माणूस मूळचा लग्नाच्या शूटिंगचा. नकाशा खरंच सुंदर होता. त्यात क्षेत्र आलं ३.९३ हेक्टर, आणि गावच्या नकाशावर तो फोटो ठेवून बघितला तर पूर्वेकडच्या शेजाऱ्याचा बांध जवळजवळ दोन मीटर यांच्या हद्दीत आलेला दिसत होता. दोन मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब म्हणजे चारशे चौरस मीटर, साधारण ४,३०० स्क्वेअर फूट, इंदूरच्या आसपासच्या जमिनीचे भाव माहीत असणाऱ्याला सांगायला नको की यावरून काय होऊ शकतं. मधल्या भावाने शेजाऱ्याशी बोलणं बंद केलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी नकाशा तपासून पण बघितला होता! पश्चिमेच्या कोपऱ्यावर विहीर आहे, मोबाइलचा जीपीएस घेऊन ते विहिरीवर उभे राहिले, नकाशात विहीर बरोबर जागेवर होती, म्हणून त्यांना वाटलं की नकाशा पक्का आहे.

आता सरांनी काय केलं ते बघा. उडवायच्या आधी आम्ही शेतात काळ्या-पांढऱ्या चौकटीचे रेक्झिनचे तुकडे अंथरले, साधारण दोन-दोन फुटांचे, चार कोपऱ्यांवर चार आणि मधे एक, यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. त्याशिवाय अजून चार तुकडे शेतात विखरून टाकले, त्यांना चेक पॉइंट म्हणायचं. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध आरटीके रोव्हरचा पोल उभा करून, पोलवरचा पाण्याचा बुडबुडा मधे आणून, त्या बिंदूचे कोऑर्डिनेट घेतले. रोव्हर म्हणजे एक असा जीपीएस ज्याला जवळच्या बेस स्टेशनकडून सतत दुरुस्ती मिळत असते, त्यामुळे मोबाइलचा जीपीएस जिथे तीन-चार मीटर इकडेतिकडे होतो तिथे हा दोन-तीन सेंटिमीटरमधे राहतो. ह्या कामालाच बहुतेक सकाळ गेली. ड्रोन उडवणं त्यामानाने काहीच नाही, शंभर मीटर उंची, एकाच ओळीतले लागोपाठचे फोटो ऐंशी टक्के एकमेकांवर आणि शेजारच्या ओळी सत्तर टक्के एकमेकांवर, शंभर-सव्वाशे फोटो, एका बॅटरीत काम संपलं. एक इंचाचा सेन्सर आणि वीस मेगापिक्सलचा कॅमेरा असेल तर शंभर मीटरवरून फोटोतला एक ठिपका जमिनीवर साधारण २.७ सेंटिमीटर असतो, म्हणजे यापेक्षा बारीक काही दिसेल ही अपेक्षाच धरायची नाही.

मग कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरला फक्त ते पाच कंट्रोल पॉइंट द्यायचे, चार चेक पॉइंट लपवून ठेवायचे. नकाशा तयार झाला की त्यात चेक पॉइंट कुठे दिसतात ते वाचायचं आणि रोव्हरने घेतलेल्या कोऑर्डिनेटशी ताडून बघायचं. आमच्या चारांत फरक आला २, ३, ३ आणि ५ सेंटिमीटर. प्रत्येकाचा वर्ग केला, ४, ९, ९, २५, बेरीज ४७, भागिले चार, आणि त्याचं वर्गमूळ, तर येतं साधारण ३.४ सेंटिमीटर. हा जो एक आकडा आहे ना, तोच त्या नकाशाचा खरा दर्जा. बाकी फोटो किती सुंदर आहे त्याला माझ्या मते काही अर्थ नाही. एक गोष्ट मला सुरुवातीला कळत नव्हती की कंट्रोल पॉइंटवरचा फरक पण सॉफ्टवेअर दाखवतंच की, मग वेगळे चेक पॉइंट कशाला. सरांनी समजावलं की सॉफ्टवेअर त्या पाच बिंदूंवर नकाशा ताणून बसवतंच, तिथे फरक कमी येणारच, विद्यार्थ्याला आधी दाखवलेलाच प्रश्न परीक्षेत विचारावा तसं ते आहे. कंट्रोल पॉइंट एका बाजूलाच टाकले तर रिपोर्टमधे सगळं छान दिसतं आणि दुसऱ्या टोकाला नकाशा वाकलेला असतो. लपवलेला बिंदूच खरं सांगतो.

आमच्या नकाशात क्षेत्र आलं ४.०१ हेक्टर. मग सरांनी जुन्या नकाशात तेच कोपरे वाचले, जुन्या फोटोत विहिरीचा कठडा, विजेचा खांब, पाटाचा सिमेंटचा तुकडा वगैरे दिसत होतं, आणि चित्र स्पष्ट झालं. पश्चिमेला फरक जवळजवळ शून्य, मधे साधारण एक मीटर, पूर्वेला दोन मीटर. म्हणजे अख्खा नकाशा मीटरभर पश्चिमेला सरकलेला, आणि वर तो एक टक्क्याने लहान पण झालेला. मधल्यापासून पश्चिमेला शंभर मीटरवर एक टक्का म्हणजे एक मीटर पूर्वेला, सरकणं एक मीटर पश्चिमेला, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून विहीर बरोबर दिसत होती, आणि पूर्वेला तेच दोन्ही एकमेकांत मिळून दोन मीटर झाले. लांबी-रुंदीत एक टक्का कमी म्हणजे क्षेत्रात दोन टक्के कमी, ४.०१ चे ३.९३ तिथून आले. शेजाऱ्याने एक इंचही बांध सरकवला नव्हता.

असं का होतं तर कंट्रोल पॉइंट नसतील तेव्हा नकाशा कुठे ठेवायचा आणि केवढा करायचा हे सॉफ्टवेअर फक्त ड्रोनच्या साध्या जीपीएसवरून ठरवतं. तो जीपीएस काही मीटरने चुकतो, आणि एका उड्डाणात तो हळूहळू एका बाजूला सरकत पण राहतो, म्हणून नकाशाची जागाही बिघडते आणि मापही. त्यात लग्नाच्या छोट्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा फोटो एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने घेतला जातो, तेवढ्यात ड्रोन पुढे गेलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फोटो थोडासा ताणलेला असतो. व्हिडिओत हे जाणवत पण नाही. सर्व्हेच्या ड्रोनमधे यांत्रिक शटर असतं ते याचसाठी. आणि उंचीचं तर अजून वाईट, सगळे फोटो सरळ खाली बघून आणि समांतर ओळींत घेतले तर सपाट शेत मधे फुगलेलं किंवा दबलेलं दिसू शकतं, ज्यांना पाण्याचा उतार काढायचा आहे त्यांनी याच्याकडे फार लक्ष द्यायला हवं.

आता कोणी म्हणेल की पण जुनी पद्धत तरी कुठे बरोबर होती, पटवारी जरीब टाकून मोजायचा. हे बरोबर आहे, आणि माझा सगळ्यात मोठा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडचे गावाचे जुने नकाशे साधारण १:४००० च्या मापाचे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. पेनाची रेघच अर्ध्या मिलिमीटरची धरली तर ती जमिनीवर दोन मीटर रुंद झाली, त्यात कापड आणि कागद वर्षानुवर्षं घडीत राहून ताणले-आकसलेले, मग कोणीतरी ते स्कॅन केले. अशा रेघेवर तीन सेंटिमीटरचा फोटो ठेवून शेजाऱ्याने किती फूट दाबलं हे सांगणं मुळातच चूक आहे, फोटो कितीही अचूक असला तरी. ड्रोनने कळतं की आज जमिनीवर बांध कुठे आहे, कोणाचा ताबा कुठपर्यंत आहे. हद्द कुठे आहे हे ड्रोन सांगू शकत नाही. त्याच्यासाठी मध्य प्रदेशात भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १२९ खाली तहसीलदाराकडे सीमांकनाचा अर्ज द्यावा लागतो, शेजाऱ्यांना नोटीस जाते, आणि मग पक्क्या खुणांपासून मोजणी होते. तिथे आपला ड्रोनचा नकाशा सोबत जोडता येतो, पण त्याच्या जागी चालत नाही.

सरकारने स्वतः ड्रोनने जे काम केलं त्यातून पण हेच शिकायला मिळतं. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, पहिल्या राज्यांत आपला मध्य प्रदेश होता, गावातल्या आबादी जागेचे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाने ड्रोनने काढले. लोकांना वाटतं ड्रोन आला, फोटो काढला, प्रॉपर्टी कार्ड मिळालं. पण ड्रोन यायच्या आधी गावात घरमालकांच्या समोर चुन्याने हद्दी आखल्या जात होत्या, ड्रोनने तो चुना टिपला, आणि नकाशा झाल्यावर परत गावात नेऊन दाखवला, आक्षेप घेतले, दुरुस्त्या केल्या. म्हणजे हद्द माणसांनी ठरवली, ड्रोनने फक्त ती नोंदवली. आता शहरांसाठी नक्शा नावाचं काम फेब्रुवारी २०२५ मधे रायसेनहून सुरू झालंय, तिथे तर अजून जपून राहावं लागेल, कारण आपल्या रामबाग किंवा जुन्या गल्ल्यांसारख्या भागात वरून दिसतं ते छत आणि छज्जा, भिंत दिसतच नाही. छज्जा दोन-अडीच फूट बाहेर असेल आणि नकाशात छताच्या कडेवरून रेघ मारली तर कागदावर तुमचं घर शेजाऱ्याच्या जागेत गेलेलं असतं. अशा ठिकाणी खाली उतरून टेपने किंवा टोटल स्टेशनने भिंत मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. शेतात पण तसंच, बाभळीखाली दगड असेल तर वरून फक्त बाभूळ दिसते.

म्हणून मला वाटतं की लायसन्सच्या व्यवस्थेवर पण बोललं पाहिजे. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे वय १८ ते ६५, दहावी पास, मान्य संस्थेत ट्रेनिंग, एवढं झालं की सर्टिफिकेट मिळतं, मला पण तसंच मिळालं आणि ट्रेनिंग चांगलं होतं. पण तिथे शिकवतात ते उडवणं, कुठे परवानगी लागते ते, बॅटरी आणि हवामान. आपल्या इंदूरमधे ते शिकणं गरजेचंच आहे, विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते आणि शहराचा बराच भाग त्यात येतो, महूकडे लष्कराचा एरिया आहे. पण चेक पॉइंट म्हणजे काय हे त्या सर्टिफिकेटसाठी कोणी विचारत नाही. ते सर्टिफिकेट म्हणजे मोजणीची पात्रता नाही आणि ग्राहकाला मात्र ते कार्ड दाखवलं की तो समजतो की हा सरकारमान्य सर्व्हेयर आहे. हे थांबायला हवं, आणि मला वाटतं नवीन कायदा यायची वाट बघायची पण गरज नाही. बँका आणि कॉलनीवाले ज्या दिवशी म्हणतील की चेक पॉइंटच्या तक्त्याशिवाय आम्ही ड्रोनचा नकाशा घेणार नाही, त्या दिवसापासून बाजार आपोआप सुधारेल.

माझ्याच बॅचचे काहीजण यावर नाराज होतात, ते म्हणतात रोव्हर लाखांच्या घरात जातो, तू आमचं काम बंद करायला निघालीस. त्यांची अडचण खरी आहे, कर्ज काढून ड्रोन घेतलेला असतो आणि लग्नाचा सीझन वर्षभर नसतो. पण रोव्हर विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, सर्व्हेयरला एका दिवसासाठी सोबत घ्या, त्याचे पैसे कोटेशनमधे वेगळे दाखवा, रेक्झिनचे मार्कर तर अगदी स्वस्तात होतात. आणि ज्यांना तेवढं पण नको त्यांच्यासाठी मोजमाप नसलेली कामं भरपूर आहेत, बांधकामाची दर महिन्याची प्रगती दाखवणारे फोटो, छतावरचे सोलर पॅनल तपासणं, फवारणी. फक्त त्यावर क्षेत्रफळाचा आकडा छापू नका. हेक्टरमधे दोन दशांश लिहिले की वाचणारा त्याच्यावर भरवसा ठेवतो आणि त्या भरवशावर भाऊ भावाशी भांडतो.

ज्यांनी आधीच असा नकाशा घेऊन ठेवलाय त्यांच्यासाठी एक तपासणी सांगते, याला रोव्हर लागत नाही. शेतात पक्क्या दोन गोष्टी शोधा, विजेचा खांब, विहिरीचा कठडा, ट्यूबवेलच्या खोलीचा कोपरा, त्यांच्यातलं अंतर जितकं लांब तितकं चांगलं, शंभर मीटरच्या आसपास असेल तर उत्तम. दोघांनी टेप ताणून धरून, सपाट जागेवरून, सरळ रेषेत मोजा, आणि नकाशातलं तेच अंतर बघा. एकदा पूर्व-पश्चिम मोजा आणि एकदा उत्तर-दक्षिण. शंभर मीटरला मीटरभर फरक आला तर माप चुकलंय. चार-पाच सेंटिमीटरचा फरक आला तर मात्र लगेच भांडू नका, त्यातला थोडा भाग टेपचा झोल असतो आणि थोडा नकाशाच्या पद्धतीचाच असतो, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना इंदूरच्या भागात, आपली साडेपाचशे मीटरची उंची धरून, दोनशे मीटरची रेघ नकाशात साधारण आठ सेंटिमीटर आखूड येते. चार हेक्टरला हा फरक तीस-एकतीस चौरस मीटर होतो, चांगला सर्व्हेयर तो दुरुस्त करून देतो किंवा निदान नकाशावर लिहून देतो, आणि न सांगता विचारला तर त्याला उत्तर यायला हवं. पण लक्षात ठेवा, टेपने फक्त माप तपासलं जातं, नकाशा एका बाजूला सरकलाय का हे टेपने कधीच कळणार नाही, त्यासाठी रोव्हरचे बिंदूच लागतात.

आणि नवीन नकाशा काढून घेताना तीन गोष्टी आधी लिहून घ्या. मार्कर किती टाकणार आणि त्यातले किती चेक पॉइंट म्हणून बाजूला ठेवणार, चार हेक्टरला पाच आणि चार हे मला तरी कमीत कमी वाटतं. चेक पॉइंटचा तक्ता नकाशाच्या त्याच पानावर छापणार का. आणि नकाशावर तारीख घालून स्पष्ट लिहिणार का की हा त्या दिवशीच्या ताब्याचा नकाशा आहे, सीमांकनाचा नाही. शक्यतो गहू निघाल्यावर, एप्रिल-मेमधे, वारा पडलेला असताना काम करून घ्या, उभ्या सोयाबीनमधे बांध झाकलेला असतो आणि हलणाऱ्या पानांमुळे सॉफ्टवेअरला दोन फोटोंतला तोच बिंदू सापडत नाही. त्या तिघा भावांची वाटणी आता नवीन नकाशावर चालू आहे, पूर्वेच्या बांधासाठी त्यांनी आणि शेजाऱ्याने मिळून तहसीलमधे सीमांकनाचा एकच अर्ज दिलाय, आणि आमचा नकाशा चेक पॉइंटच्या तक्त्यासकट त्याला जोडलाय.